क्रिप्टिक क्रॉसवर्डचं क्लू नेमकं सांगतं काय? अॅनाग्राम, हिडन वर्ड आणि शराड समजून घ्या

इंग्रजी पेपरातलं साधं क्रॉसवर्ड सुटतं, पण त्याच्या शेजारचं क्रिप्टिक पाहिलं की डोकं गरगरतं, हा अनुभव अनेकांचा आहे. शब्द सगळे ओळखीचे असतात, वाक्यही सरळ असतं, तरी उत्तर काय असावं याचा पत्ता लागत नाही. खाली दिलेलंच क्लू बघा.

```
Day before long rains (7)
```

वाचल्यावर डोळ्यांसमोर येतं ते असं: बरेच दिवस चालणारा पाऊस आणि त्याच्या आदला दिवस. आता या चित्राशी जुळणारा सात अक्षरी शब्द शोधत बसलात तर संध्याकाळ होईल, कारण असा शब्दच नाही. क्लूमध्ये जे दिसतं ते उत्तराकडे नेत नाही. क्रिप्टिकचं पहिलं कुलूप हेच आहे.

उत्तर आहे मान्सून. ते कसं आलं हे पाहण्याआधी या क्लूची रचना समजून घेऊ.

## एका क्लूमध्ये दोन रस्ते

साध्या क्रॉसवर्डमध्ये क्लू म्हणजे फक्त शब्दाचा अर्थ. क्रिप्टिकमध्ये एकाच उत्तराकडे दोन रस्ते जातात. एक रस्ता अर्थाचा, त्याला 'डेफिनिशन' म्हणतात. दुसरा अक्षरांच्या खेळाचा, त्याला 'वर्डप्ले' म्हणतात. दोन्ही रस्ते एकाच वाक्यात एकमेकांना चिकटवलेले असतात आणि जोड दिसू नये यासाठी क्लू रचणाऱ्याने, म्हणजे 'सेटर'ने, सगळी मेहनत घेतलेली असते.

नव्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडणारा नियम असा: डेफिनिशन क्लूच्या सुरुवातीला तरी असते किंवा शेवटाला तरी. मध्ये कधीच नसते. काही क्लूंमध्ये अख्खं वाक्यच डेफिनिशन असतं, पण ते अपवाद. म्हणजे कितीही गोंधळात टाकणारं क्लू असलं तरी तपासायची टोकं दोनच. कंसातला आकडा उत्तराची अक्षरं सांगतो. कंसात चार, स्वल्पविराम, तीन असं असेल तर उत्तर दोन शब्दांचं, पहिला चार अक्षरी आणि दुसरा तीन.

आता वरचं क्लू पुन्हा वाचा, पण वाक्य म्हणून नाही, तुकडे म्हणून.

```
Day         = MON
before long = SOON
rains       = MONSOON
```

'डे' म्हणजे दिवस, इथे सोमवारचं कॅलेंडरवर असतं ते छोटं रूप. 'बिफोर लाँग' हा एकच वाक्प्रचार, अर्थ 'लवकरच', म्हणजे 'सून'. आणि 'रेन्स' म्हणजे पावसाळा, जो आपण मान्सून म्हणतो. सेटरने फसवलं कुठे? 'बिफोर लाँग' आणि 'रेन्स' यांच्यात जी भिंत आहे ती त्याने दिसू दिली नाही. 'लाँग' हे विशेषण तुम्ही नकळत 'रेन्स'ला लावलंत आणि 'बिफोर' 'डे'ला. म्हणून अनुभवी लोक क्लू हातात आलं की आधी त्यातलं चित्र मोडतात. स्वल्पविराम, मोठी अक्षरं, शब्दांमधला सुटा भाग, यांतल्या कशावरही ते विश्वास ठेवत नाहीत.

## शराड: तुकडे जोडा

वरचं क्लू 'शराड' प्रकारचं आहे. शब्दाचे दोन-तीन तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा वेगळा अर्थ द्यायचा आणि ते एकापुढे एक ठेवायचे. मराठीत असं क्लू करायचं तर ते साधारण असं होईल: 'विड्याला हवं ते आणि नांगराला हवं ते, जोडा आणि बांधा धरण (४)'. पान अधिक शेत, पानशेत.

शराडमध्ये अडचण जोडण्याची नसते, तुकडे ओळखण्याची असते. हे बघा.

```
Chap to leave fruit (5)
```

फळ टाकून जाणारा कुणी गृहस्थ दिसतो. टोकं तपासा: एकीकडे 'चॅप', दुसरीकडे 'फ्रूट'. पाच अक्षरी फळ असेल, तर उरलेल्या भागातून पाच अक्षरं निघायला हवीत. 'चॅप' म्हणजे माणूस, तीन अक्षरं. 'टू लीव्ह' म्हणजे निघून जाणं, दोन अक्षरं.

```
MAN + GO = MANGO
```

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'आंबा' हा अंदाज कुणालाही पहिल्या दहा सेकंदांत येऊ शकतो, पण पाच अक्षरी फळं बरीच आहेत. सफरचंद, लिंबू, पीच, द्राक्ष, सगळ्यांची इंग्रजी नावं पाच अक्षरीच. तुकडे जुळले तेव्हाच आंबा पक्का झाला. क्रिप्टिकचं क्लू साध्या क्लूपेक्षा अवघड दिसतं, पण उत्तर बरोबर आहे याची खात्री तेच देतं. साधं क्लू ती कधीच देत नाही.

शराडमधले छोटे तुकडे ठरलेल्या खिशातून येतात. 'वर्कर' म्हटलं की बहुतेक वेळा मुंगी किंवा मधमाशी. 'सेलर' म्हटलं की 'टार', खलाश्याचं जुनं नाव. शंभर म्हणजे रोमन आकडा सी, पन्नास म्हणजे एल. 'डॉक्टर' म्हणजे डी आणि आर. 'फ्लॉवर' असेल तर एकदा नदीचा विचार करा, कारण जी 'फ्लो' होते ती 'फ्लो-अर'! हा विनोद सेटर मंडळींनी इतक्या वेळा वापरलाय की आता तो विनोद राहिलेला नाही, पण पहिल्यांदा भेटतो तेव्हा संताप येतोच. अशा शब्दांची यादी पाठ करायची गरज नसते. महिनाभर रोज एक कोडं पाहिलं तर ते स्वतःच ओळख देऊ लागतात.

## अॅनाग्राम: अक्षरं तिथेच आहेत, विस्कटलेली

नवख्या माणसाने कोड्यात शिरायचं ते अॅनाग्रामच्या दारातून. कारण सोपं आहे. या प्रकारात उत्तराची सगळी अक्षरं क्लूमध्येच छापलेली असतात, फक्त क्रम बदललेला असतो.

पण ती विस्कटायची आहेत हे सेटरला सांगावं लागतं. त्यासाठी जो शब्द येतो त्याला 'इंडिकेटर' म्हणतात. मोडतोड, गोंधळ, हालचाल, दुरुस्ती, नशा, वेडेपणा, स्वयंपाक, यांपैकी काहीही सुचवणारा शब्द इंडिकेटर होऊ शकतो: 'ब्रोकन', 'ड्रंक', 'कुक्ड', 'रिपेअर्ड', 'वाइल्ड'. असे शेकडो आहेत. ज्या शब्दाने एखादी वस्तू मूळ स्थितीत राहणार नाही असं वाटतं, त्याच्याकडे संशयाने बघायचं.

```
Then a wild Scottish lord (5)
```

'वाइल्ड' दिसलं. आता मोजा. अॅनाग्रामची अक्षरं इंडिकेटरला लागूनच असतात, डावीकडे किंवा उजवीकडे. उजवीकडचा शब्द 'स्कॉटिश', त्यात आठ अक्षरं. उत्तर पाच अक्षरी, त्यामुळे तो बाद. डावीकडे 'देन ए', बरोबर पाच अक्षरं. म्हणजे उरलेलं 'स्कॉटिश लॉर्ड' ही डेफिनिशन.

मोजणं ही इथली खरी परीक्षा. 'वाइल्ड' हा शब्द एखाद्या क्लूमध्ये निव्वळ 'जंगली' या अर्थानेही येतो. शेजारच्या अक्षरांची संख्या उत्तराच्या लांबीशी किंवा उत्तराच्या एखाद्या तुकड्याशी जुळत नसेल, तर अॅनाग्रामचा नाद सोडायचा.

```
T H E N A  ->  THANE
```

उत्तर 'थेन', स्कॉटलंडमधला जुना सरदार. शेक्सपिअरच्या नाटकात मॅकबेथ पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो ग्लॅमिसचा 'थेन'च असतो. महाराष्ट्रातल्या वाचकाची इथे गंमत होते: अक्षरं जुळवता जुळवता त्याला ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग दिसतं आणि 'स्कॉटिश' कुठून आलं म्हणून तो ते खोडतो. जिला 'लेअर्ड' ही स्कॉटिश जमीनदाराची पदवी माहीत आहे ती व्यक्ती उलट दुसरीकडे घसरते, कारण तोही शब्द पाच अक्षरी आहे आणि अर्थही जवळचा. पण त्यात एल, आय, आर, डी आहेत आणि 'देन ए'मध्ये त्यांपैकी एकही नाही. अॅनाग्राममध्ये एक जरी अक्षर उरलं किंवा कमी पडलं तर उत्तर चूक. 'जवळपास जुळतंय' असं काही नसतं.

अक्षरं विस्कटताना ती क्लूमध्ये आहेत त्याच ओळीत लिहू नका. 'देन ए' असं समोर दिसत राहिलं तर मेंदू तोच शब्द वाचत राहतो. ती गोलाकार लिहा, किंवा स्वर एका बाजूला आणि व्यंजनं दुसऱ्या बाजूला लिहा. जुन्या सवयीने बरेच लोक अजूनही पेपराच्या कडेला पेनानेच असं वर्तुळ काढतात.

सेटरवरही एक बंधन असतं. विस्कटायची अक्षरं क्लूमध्ये प्रत्यक्ष दिसली पाहिजेत. 'आधी अमुक शब्दाचा समानार्थी शोधा आणि मग तो विस्कटा' असं क्लू चांगल्या दैनिकात चालत नाही, कारण मग सोडवणाऱ्याच्या हातात धरायला काहीच राहत नाही.

मराठीत अॅनाग्राम इतके सहज का होत नाहीत, याचं कारण लिपीत आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं आहे. मराठीत काना, मात्रा, वेलांटी व्यंजनाला चिकटलेली, त्यात जोडाक्षरं. 'मान्सून'ची तीन अक्षरं उलटसुलट करून बघा, हाती फारसं काही लागत नाही.

## हिडन वर्ड: उत्तर डोळ्यांसमोरच

हा सगळ्यात प्रामाणिक प्रकार, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटणारा. उत्तर क्लूमध्ये जसंच्या तसं, योग्य क्रमाने छापलेलं असतं. फक्त ते शब्दांच्या सीमा ओलांडून पसरलेलं असतं.

```
Indian queen in Tehran, Iran (4)
```

इराणच्या राजधानीत भारताची कोणती राणी होती, हे गुगलवर शोधायला जाऊ नका. इथे इतिहास नाहीच.

```
TehRAN, Iran  ->  RANI
```

'तेहरान'ची शेवटची तीन अक्षरं आणि 'इराण'चं पहिलं. मधला स्वल्पविराम आणि मोठा आय ही फक्त सजावट. 'इंडियन क्वीन' ही डेफिनिशन, 'इन' हा इंडिकेटर.

हिडन वर्डचे इंडिकेटर 'आतमध्ये' किंवा 'काही भाग' असं सुचवतात: 'सम', 'पार्ट ऑफ', 'बिट ऑफ', 'हेल्ड बाय', 'इन'. डोळ्यांना हा प्रकार अवघड जातो, कारण आपण अक्षरं वाचत नाही, शब्दांचे आकार वाचतो. दोन शब्दांच्या मधली फट ही डोळ्यांसाठी भिंतच असते. उपाय साधा आहे: संशय आला की क्लूचा तो भाग फट न ठेवता सलग लिहून काढायचा. शिवाय काही चमत्कारिक शब्दजोड्या दिसल्या, म्हणजे सहज बोलताना कुणी एकत्र वापरणार नाही असे शब्द शेजारी आले, की तिथे सेटरला विशिष्ट अक्षरं हवी होती असं समजावं.

'इन'ची एक अडचण मात्र आहे. तोच शब्द 'कंटेनर' नावाच्या प्रकारातही येतो, जिथे एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द घालायचा असतो. म्हणून क्रम असा ठेवायचा: 'इन' दिसलं की आधी अक्षरं सलग वाचून पाहायची. दहा सेकंदांत काही सापडलं नाही, तर मग पोटात घालायचा विचार करायचा. यांशिवाय शब्द उलटा वाचायचे, सारख्या उच्चाराचे आणि दोन डेफिनिशन शेजारी ठेवलेले असेही प्रकार आहेत. पण पहिले तीन अंगवळणी पडेपर्यंत त्यांच्या मागे लागायची घाई नको.

## नियम आले कुठून?

आज आपण 'हे चालतं, हे चालत नाही' म्हणतो, ते सुरुवातीला नव्हतं. क्रॉसवर्ड अमेरिकेत जन्मलं, १९१३ साली, आर्थर विन यांच्या हातून. क्रिप्टिक वळण दिलं ते ब्रिटनने. एडवर्ड पॉइस मॅथर्स 'टॉर्कमाडा' या नावाने १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी देऊ लागले. ती हुशारीची होती, पण सोडवणाऱ्याला न्याय मिळेलच याची खात्री नव्हती. त्यांच्यानंतर आलेले डेरिक मॅकनट 'झिमेनेस' या नावाने लिहीत. क्लूमध्ये एकही फालतू शब्द नको आणि त्याचा शब्दशः अर्थ उत्तराकडे नेलाच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. १९६६ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. टॉर्कमाडा आणि झिमेनेस ही दोन्ही नावं स्पेनच्या धर्मन्यायालयातल्या अधिकाऱ्यांची. म्हणजे छळ करणार आहोत हे त्यांनी नावातच सांगून टाकलं होतं.

सगळ्यांनी हे नियम तंतोतंत पाळले नाहीत. 'गार्डियन'चे लाडके सेटर जॉन ग्रॅहम, टोपणनाव 'अराउकारिया', मोकळेपणाने खेळत. जानेवारी २०१३ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या ग्रॅहम यांनी एक कोडं दिलं. सोडवणाऱ्यांनी त्याच्या वरची सूचना वाचून उत्तरं भरली, तेव्हा त्यांच्यासमोर कर्करोग, अन्ननलिका आणि वेदनाशामक उपचार हे शब्द आले. स्वतःच्या आजाराची बातमी त्यांनी वाचकांना अशी कोड्यातून दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचं निधन झालं.

भारतात 'द हिंदू' १९७१ पासून क्रिप्टिक कोडं छापतो आणि त्याचे सेटर भारतीय आहेत. शिकायला सुरुवात करणाऱ्यासाठी 'गार्डियन'चं 'क्विक क्रिप्टिक' बरं, कारण त्यात मोजकेच प्रकार वापरलेले असतात.

## दोन उत्तरं बसतात तेव्हा

आता एक क्लू सावकाश सोडवू, कारण खऱ्या कोड्यात प्रकार असे सुटे भेटत नाहीत, एकमेकांत मिसळून येतात.

```
Mother's broken rest for teacher (6)
```

समजा शेजारची काही उत्तरं आधीच भरलीयत आणि त्यांच्यामुळे तीन अक्षरं मिळाली आहेत.

```
M _ _ T _ R
```

शेवटी 'टीचर' आहे. शिक्षक, सहा अक्षरी, एमने सुरू, आरने शेवट. बहुतेक जण इथे 'मेंटॉर' लिहून मोकळे होतात. अक्षरं बसतात, अर्थही बसतो. आणि कोडं बिघडतं ते अशाच ठिकाणी, कारण हे चुकीचं उत्तर पुढे आणखी दोन शब्दांत चुकीची अक्षरं घुसवतं आणि अर्ध्या तासाने कळतं की काहीतरी हुकलंय, पण कुठे ते कळत नाही.

म्हणून वर्डप्ले तपासा. 'ब्रोकन' हा इंडिकेटर असावा. त्याच्या डावीकडे 'मदर्स', सात अक्षरं, सहापेक्षा जास्त. उजवीकडे 'रेस्ट', चार अक्षरं. म्हणजे 'रेस्ट' विस्कटून उत्तराची चार अक्षरं येणार आणि दोन दुसरीकडून. उरला 'मदर'. आईसाठी दोन अक्षरी इंग्रजी शब्द? 'मा'.

```
MA + STER (REST) = MASTER
```

उत्तर 'मास्टर', आपले मास्तर. आता 'मेंटॉर' ताडून बघा: त्यात एन आणि ओ आहेत, ते 'रेस्ट'मध्ये नाहीत, आणि दुसरं अक्षर ई असल्याने 'मा'ही जुळत नाही. बाद. उरलेला 'फॉर' हा फक्त सांधा आहे, 'इतक्या सामग्रीतून हे मिळतं' असं सांगणारा. 'मदर'ला लागलेला अॅपॉस्ट्रॉफी-एसही तसाच.

उत्तर लिहिण्याआधी क्लूमधल्या प्रत्येक शब्दाचं काम सांगता आलं पाहिजे: हा डेफिनिशन, हा इंडिकेटर, ही अक्षरं, हा सांधा. एखादा शब्द बेकार उरला तर ते उत्तर पेन्सिलीनेच लिहावं. कधीकधी उलटंही होतं, आडव्या-उभ्या अक्षरांवरून उत्तर आधी सुचतं आणि ते कसं आलं हे मागाहून उलगडतं. त्यात कमीपणा नाही. अनुभवी लोकही रोज तसं करतात.

जाता जाता एक क्लू तुमच्यासाठी, उत्तराशिवाय. वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकीच एक आहे. इंडिकेटर शेवटी आहे, आणि उत्तरातला प्राणी कोकणातल्या खाड्यांच्या काठीही दिसतो.

```
Animal is not terrible, in part (5)
```